बोट न लागणाऱ्या घरचा कॅमेरा

मालवणच्या मासळी बाजारात हिराबाईला कोणी विचारलं, की तुझा चेडू एवढं शिकून करतं तरी काय, तर ती सुरमईचा तुकडा पाडता पाडता ठसक्यात सांगायची, "ता कॅमेऱ्याचा काम करता." उत्तर खोटं नव्हतं. पण त्यामुळे झालं असं, की तिच्या लेकीला, संचिताला, लग्नाच्या शूटिंगची बोलावणी यायला लागली. साखरपुडा, मुंज, एकदा तर एका नव्या ट्रॉलरची पूजा. ती बिचारी प्रत्येकाला समजावायची, की माझा कॅमेरा खरा नाही, तो कॉम्प्युटरच्या खेळात असतो. लोक मान डोलवायचे आणि जाता जाता विचारायचे, तरी फोटोचा आल्बम करून देशील ना?

ही २००९ सालची गोष्ट. संचिता तांडेल तेव्हा रोज सकाळी एसटीने मालवणहून कुडाळला जायची. तिथे एका शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्वरूपने खेळ बनवायचं ऑफिस काढलं होतं. स्वरूप तिचा पॉलिटेक्निकचा सोबती, आतल्या गावातल्या भातशेती आणि काजूवाल्या घरचा. ऑफिस म्हणजे चार कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, एक चित्रं काढणारा किरण आणि खालून येणारी शिलाई मशीनची खडखड. संचिता त्याआधी काही वर्षं पुण्यात एका मोठ्या कंपनीत होती. तिथे तिच्या वाट्याला खेळांतली दारं उघडायची आणि मिटायची, एवढंच काम यायचं. स्वरूपने हाक मारल्यावर ती नोकरी सोडून आली. निघताना तिथल्या सोबत्यांनी चेष्टा केली, की कुडाळला बसून खेळ बनवणार म्हणजे काजू सोलायचे का? ती म्हणाली होती, हेच काम तिथे बसून करून दाखवते. अशी वाक्यं तोंडातून निघून जातात आणि मग ती निभावत बसावं लागतं.

निभवायची वेळ लवकरच आली. पुण्यातल्या एका कंपनीने स्वरूपला एक खेळ बनवायला दिला. जुन्या बंदराच्या गावात एक मुलगी औषधाची पोटळी घेऊन बोळाबोळांतून धावते, कुंपणं ओलांडते, पहारेकऱ्याला चुकवत वखारीत लपते, आणि बंदरावर नांगरलेल्या जहाजापर्यंत पोचते, असा तो खेळ. अट एकच होती. पहिला बोळ आणि पहिली वखार आधी करून दाखवायची. पसंत पडली तर पूर्ण खेळ कुडाळला. नाही पडली तर झालेलं सगळं काम उचलून पुण्याची माणसं पुढे नेणार. संचिताकडे आला कॅमेरा.

खेळणाऱ्याला ती मुलगी पाठीमागून दिसायची. म्हणजे तिच्या मानेत एक न दिसणारी काठी रोवली आहे आणि काठीच्या दुसऱ्या टोकाला कॅमेरा बांधला आहे, असं धरून चालायचं. मुलगी धावली की काठी मागून धावणार, माऊस फिरवला की काठी तिच्याभोवती फिरणार. मोकळ्या मैदानात हे अगदी सोपं. पण किरणने बोळ काढला होता आपल्याकडचा, चिऱ्याच्या भिंतींचा, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं असा. मुलगी वळली की काठीचं टोक भिंतीत. आणि खेळातल्या भिंतीला आत काही नसतं. कॅमेरा भिंतीत शिरला की चिरा गायब व्हायचा आणि पलीकडची पोकळी, आकाश, अर्धवट तरंगणारी घरं, सगळं उघडं पडायचं.

पहिला उपाय पुस्तकी होता. मुलीच्या मानेपासून कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत एक सरळ रेघ टाकायची, रेघ भिंतीला जिथे लागेल तिथपर्यंतच काठी लांब ठेवायची. तरी कोपऱ्यावर भिंत फाटायचीच. कारण रेघ बारीक असते, ती कोपऱ्याला चाटून निघून जाते, पण कॅमेऱ्याला रुंदी असते, त्याच्या चौकटीची एक कड भिंतीत जाते. म्हणून तिने रेघेऐवजी चौकटीपेक्षा थोडा मोठा चेंडू पाठवायला सुरुवात केली. चेंडू जिथपर्यंत अडकल्याशिवाय जाईल, तिथे कॅमेरा. मग निघाली दुसरी भानगड. मुलगी भिंतीला खांदा घासून चालली की तरीही पोकळी दिसायची. दोन दिवस ती चेंडूला शिव्या घालत होती. चूक तिचीच होती. मुलगी मधोमध आड येऊ नये म्हणून चेंडू ती मानेऐवजी तिच्या उजव्या खांद्यावरून सोडत होती, आणि तो खांदाच भिंतीत गेलेला असायचा. जो चेंडू सुरुवातीलाच भिंतीत आहे, त्याला भिंत लागलेली कळत नाही. मग चेंडू अंगाच्या मध्यातून सोडायचा, आधी खांद्यापर्यंत तपासत आणायचा, आणि तिथून मागे. भिंतीचं भूत एकदाचं गेलं.

आता राहिले हिसके. भिंत आली की कॅमेरा खाडकन पुढे, भिंत सरली की खाडकन मागे, पायऱ्या चढताना ठेचा लागल्यासारखा. संचिताने त्याला मऊ केलं. काठीच्या जागी स्प्रिंग आल्यासारखं. मुलगी थांबली की कॅमेरा हळूच पुढे सरायचा, जरासा जास्त जायचा, मग परत येऊन स्थिरावायचा. माऊस थांबला तरी नजर थोडी पुढे घरंगळत जायची. तिला ते इतकं आवडलं, की त्या दुपारी ती विनाकारण त्याच बोळातून मुलीला धाववत बसली. केलेलं काम स्वतःलाच गोड लागतं, तसले दिवस फार नसतात.

चाचणीही तिने कसून केली. एक कॉम्प्युटर घरी आणून तो ओटीवर मांडला. भाऊ सुशांत, त्याच्या होडीवरची पोरं, शेजारचा शिवा, काकाची मुलं, सगळ्यांना खेळायला बसवलं. अर्धी वाडी येऊन गेली. सुशांत तर उठेना. "कॅमेरो बरो चलता गो," तो म्हणाला, "होडयेत बसल्यासारख्या वाटता." संचिताने हे कौतुक स्वरूपला जसंच्या तसं सांगितलं. ते नीट ऐकून घ्यायला हवं होतं. पण कौतुक कोण उलगडून बघतं!

पुण्याहून पाहणीला दिव्या आली. कंपनीच्या खेळांवर शेवटचा शब्द तिचाच असायचा. बाई मनमोकळी. आल्या आल्या शिंप्याच्या दुकानातून पडद्याचं कापड पाहून आली, स्वरूपच्या हातचा चहा तिने मागून घेतला आणि माऊस हातात धरला. बोळ सुरू झाला. सुरुवातीला "वा, भिंती छान" असं काहीतरी म्हणाली. मग तिचे ओठ पांढरे पडले. वखारीच्या दारापर्यंत पोचायच्या आत तिने माऊस सोडला, खुर्ची मागे ढकलली आणि गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभी राहिली. स्वरूप पाणी घेऊन धावला. किरणने पंखा तिच्याकडे वळवला. नंतर बराच वेळ ती आतल्या बाकावर डोळे मिटून पडून होती.

जाताना तिने सरळ सांगितलं, की खेळ सुंदर आहे पण मला तो पाच मिनिटंही खेळता आला नाही. दोष कॅमेऱ्यात आहे. महिनाभराने परत येईन. तोवर झालं तर ठीक, नाहीतर कॅमेरा आमची माणसं पुण्याला करतील, आणि एकदा कॅमेरा गेला की बाकीचं कामही इथे ठेवण्यात अर्थ नाही. ती रागावलेली नव्हती, म्हणून तर संचिताला ते जास्त लागलं.

लागलं की माणूस आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. संचितानेही तेच केलं. दिव्या घाटातून रात्रभर गाडीत बसून आली, वर उपाशीपोटी चहा, तिला मळमळणार नाही तर काय होणार? माझ्या वाडीतल्या एकालाही काही झालं नाही. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे खेळले. स्वरूपने ऐकून घेतलं आणि म्हणाला, की ठीक, पण अजून कोणालातरी बसवून बघूया. त्याच दिवशी त्याची आई सावित्रीकाकी बाजाराला कुडाळात आली होती. ती डबा द्यायला वर आली, तिला खुर्चीत बसवलं. काकीने आयुष्यात माऊस धरला नव्हता, म्हणून माऊस स्वरूपने धरला आणि ती नुसती बघत राहिली.

पहिल्याच वळणानंतर तिने पदर तोंडाला लावला.

"बंद कर रे," ती म्हणाली. "माका बोट लागल्यासारख्या झाला."

संचिता तिच्याकडे बघतच राहिली. काकीला तिने विचारलं, की कधी होडीत बसला होतात का? काकी म्हणाली, एकदाच, माहेरच्यांबरोबर किल्ला बघायला, आणि जाता येता दोन्ही वेळा ओकले, त्यानंतर समुद्राचं नाव नाही घेतलं. एसटीतही खिडकी आणि लिंबू लागतं. हे सगळं ती हसत सांगत होती, पण संचिताचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं. तिच्या ओटीवर खेळून गेलेल्या प्रत्येकाचं तोंड तिच्या डोळ्यांसमोरून सरकत होतं. सुशांत, शिवा, काकाची मुलं, होडीवरची पोरं. त्यांतल्या एकालाही जन्मात बोट लागलेली नव्हती. लागणार कशी? चालता येण्याआधी ती होडीत झोपलेली माणसं. आणि ती स्वतः? शाळेत असताना बापासोबत पहाटे जाळ्यावर जायची, लाटेवर बसून भाकरी खायची. ज्या डोलण्याने दिव्या आडवी झाली, ते डोलणं संचिताच्या अंगाला पाळण्यासारखं होतं. तिने स्वतःच्या अंगाला बरं वाटेपर्यंत कॅमेरा मऊ केला होता आणि त्याच अंगाच्या माणसांकडून पसंती घेतली होती.

तिला भयंकर लाज वाटली. दिव्याच्या उपाशीपोटी चहाबद्दल आपण काय काय बोललो ते आठवून तर जास्तच. पण लाजेत बसून राहणं तिच्या घरात कोणाला परवडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्यावर तिने कामाची आखणी केली. आपल्या अंगाचा भरवसा धरायचा नाही. आपल्याला काय वाटतं हा प्रश्नच विचारायचा नाही. ज्यांना बोट लागते ती माणसं शोधायची.

ती माणसं शोधायला लांब जावं लागलं नाही. एसटीत ती रोज बसायचीच. ज्या बायका कुडाळ येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून लिंबू हुंगत असायच्या, त्यांना ती उतरल्यावर गाठायची आणि विचारायची, की जरा वर येता का, चहा देते. कंडक्टरला वाटलं ही कुठल्यातरी औषधाची एजंट झाली. शिंप्याने विचारलं, ही बाई रोज आजारी माणसंच का घेऊन येते? काही जणी आल्या, काही जणी हसून गेल्या. पण खरी हुकमी होती ती सावित्रीकाकी. काकी बाजाराच्या दिवशी तर यायचीच, आणि मध्ये एकदा मुद्दाम गाडी पकडून आली. तिचं आणि संचिताचं ठरलं, की काकीने सोसायचं नाही. पोटात जरा ढवळलं की त्याच क्षणी टेबलावर हात आपटायचा. हात आपटला की संचिता खेळ थांबवायची आणि त्या वेळी कॅमेरा नेमका काय करत होता ते शोधायची.

आधी तिने रागारागात एक चूक केली. मऊपणामुळे हे होतं ना, मग मऊपणाच काढून टाकते, म्हणून सगळी स्प्रिंग उपटून काढली. काकीला मळमळलं नाही, पण पायऱ्या आल्या तशी तिने डोळ्यांवर हात घेतला. म्हणाली, हे खड्ड्यातल्या रिक्षासारखं, डोकं दुखतं. किरण म्हणाला, माझ्या पायऱ्यांची पार वाट लावलीस. मऊ ठेवलं तर पोट, काढलं तर डोकं. संचिताने डबा उघडला, जेवली, आणि पुन्हा बसली. ह्या मुलीचं हे बरं होतं, की तिला वैताग आला की भूक लागायची.

मग काकीचा हात जिथे जिथे आपटला, त्या जागा ती एकेक करून बघत गेली. सर्वांत जास्त वेळा हात आपटला होता माऊस थांबल्यावर. हात थांबला तरी नजर घरंगळत पुढे जात होती. इथे काकी नुसती बघत होती तर ही गत, ज्याचा स्वतःचा हात माऊसवर आहे त्याच्या अंगाचा तर पार गोंधळ उडणार. मी थांबलो तरी जग का थांबेना? संचिताच्या डोक्यात तेव्हा गाठ सुटली. खेळणारा जे स्वतः करतो, त्यात उशीर नको. माऊस फिरवला की कॅमेरा त्याच क्षणी फिरला पाहिजे आणि थांबला की थांबला पाहिजे. मऊ करायचं ते जे खेळणारा करत नाही ते, म्हणजे पायऱ्यांची ठेच, पावलांचा धक्का, मुलीच्या धावण्याचा हिसका. तिथे स्प्रिंग हवी, पण डोलणारी नको. तिने स्प्रिंगला एवढाच दाब दिला, की ती जागेवर येईल आणि तिथेच राहील. पुढे जाऊन परत येणार नाही आणि रेंगाळणारही नाही.

दुसरी जागा होती भिंतीची. भिंत आली की कॅमेऱ्याने तत्काळ पुढे आलंच पाहिजे, तिथे मऊपणा दाखवला तर तो मधल्या वेळात भिंतीच्या आत असणार. पण भिंत सरल्यावर मागे जायची घाई कशाला? तिथे तो सावकाश गेला तरी कोणाचं काही बिघडत नाही. म्हणून जवळ येणं झटकन, लांब जाणं हळूहळू. आणि भिंतीची तपासणी सगळ्यांत शेवटी. आधी ती भिंत तपासून मग कॅमेरा मऊ करत होती, त्यामुळे मऊ होता होता तो पुन्हा भिंतीत घसरत असे. आता उलटं केलं. आधी मुलगी चालणार, मग कॅमेरा मऊ होणार, आणि शेवटी चेंडू सोडून पाहणार की वाट मोकळी आहे ना.

माडांनी तिला फार छळलं. किरणने वखारीबाहेर बंदराच्या वाटेवर हौसेने माडांची रांग लावली होती. मुलगी त्या रांगेने धावली की प्रत्येक खोड कॅमेऱ्याच्या मध्ये यायचं. कॅमेरा पुढे, मागे, पुढे, मागे, लोहाराच्या भात्यासारखा. काकी तिथे हमखास हात आपटायची. किरणला माड काढ म्हटलं तर त्याने दोन दिवस तोंड फुगवलं. शेवटी माड राहिले. एवढ्याशा जाडीच्या वस्तूंना चेंडूने मोजायचंच नाही, खोड मध्ये आलं तर ते तेवढ्यापुरतं विरळ करायचं, मागची मुलगी दिसत राहील, असं ठरलं.

आणि एक चूक तर अशी होती, की तिने कपाळावर हात मारून घेतला. पडद्यावर उमटणाऱ्या दर चित्रामागे, म्हणजे फ्रेममागे, कॅमेऱ्याने उरलेल्या अंतराचा ठरावीक हिस्सा कापायचा, असं तिने लिहिलं होतं. तिच्या नव्या कॉम्प्युटरवर सेकंदाला भरपूर चित्रं निघायची, म्हणून कॅमेरा वेळेवर पोचायचा. दिव्याला बसवलं होतं त्या जुन्या कॉम्प्युटरवर निम्मी निघत असत, म्हणून तोच कॅमेरा तिथे दुप्पट रेंगाळायचा. तिने सगळा हिशेब चित्रांवरून काढून उलटलेल्या वेळेवर नेला. आता यंत्र गरीब असो की श्रीमंत, कॅमेरा त्याच चालीने चालायचा.

एवढं झाल्यावर काकीने अख्खा बोळ, अख्खी वखार आणि माडांची रांग हात न आपटता पाहिली. मग म्हणाली, "आता माऊस माका दे." मुलीला तिने बोळातल्या विहिरीत दोनदा पाडलं आणि खूश होऊन घरी गेली.

एकट्या संचिताला मात्र हा कॅमेरा अजिबात आवडेना. त्यात काही नव्हतं. डौल नाही, झोका नाही, काही लागतच नाही अंगाला. तिने घरी नेऊन सुशांतला दाखवला, तर तो म्हणाला, आधीचा बरा होता, ह्याच्यात मजा नाही. तिचाही हात शिवशिवला, थोडी स्प्रिंग सैल करावी, एवढीशीच, कोणाला कळणार नाही. तिने हात आवरला. जी माणसं बोट लागून ओकतात त्यांनी हात आपटला नाही, आता माझ्या आवडीला विचारतो कोण, असं तिने स्वतःला बजावलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

ठरलेल्या दिवशी दिव्या आली. ह्या वेळी ती कॉम्प्युटरच्या बाजूला बसेना. लांबच्या बाकावर बसून म्हणाली, "मागच्या वेळेची अजून आठवण आहे. तुम्हीच खेळा, मी बघते. त्यावरून कळेल मला."

स्वरूपने संचिताकडे पाहिलं. संचिताने बोळ डोळे मिटून पार केला असता. तिने खेळून दाखवलं असतं, दिव्याने लांबून मान डोलवली असती, आणि सगळं तिथेच सुटलं असतं. ती खुर्चीपर्यंत गेलीही. आणि बसलीच नाही.

"माझ्या खेळण्यावरून काही कळणार नाही," ती म्हणाली. "मी होडीवाल्यांच्या घरची आहे. मला बोट लागत नाही, म्हणून मला ह्यातलं काही कळतच नाही. मागचा कॅमेरा मला आवडला होता, आणि तो वाईट होता. तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी तुमच्या चहाला दोष दिला. ज्यांना लागते त्यांनीच हा पारखायला हवा. मला त्यात मत नाही."

स्वरूपचा चेहरा पडला. आपणहून असं कोणी सांगतं का, असं त्याला वाटलं असणार. सावित्रीकाकी कोपऱ्यात लिंबाची फोड मुठीत धरून बसली होती, कारण ती सकाळच्या गाडीने आली होती आणि गाडीने तिला नेहमीचा त्रास दिला होता. ती उठली आणि खुर्चीत जाऊन बसली. माऊस धरला. मुलगी बोळातून धावू लागली, कोपऱ्यावर वळली, भिंतीला घासून गेली, पायऱ्या चढली. काकीचा रंग आणखी उतरायच्या ऐवजी हळूहळू परत येत होता. विहिरीपाशी मुलगी नेहमीप्रमाणे आत पडली.

"डावीकडून जायचं होतं," दिव्या बाकावरून म्हणाली. काकीने पुन्हा पाडली. दिव्या उठून जवळ आली. तिसऱ्यांदा पाडली तेव्हा दिव्याने, जरा द्या इकडे, म्हणून माऊस घेतला आणि काकीने सरकून तिला अर्धी खुर्ची दिली.

दिव्या खेळत राहिली. विहीर ओलांडली, वखारीत शिरली, पिंपांच्या मागे लपली, चुकली, परत आली. माडांच्या रांगेतून धावताना तिने किरणला विचारलं, की झावळ्या वाऱ्याने हलतील का? वखारीचं दार उघडायला जड वाटतं, ते हलकं करा म्हणाली. पहारेकऱ्याची मिशी तिला आवडली. खाली शिंप्याने जेवायला मशीन बंद केली तरी ती खेळतच होती. कॅमेऱ्याचं नाव तिने काढलं नाही. स्वरूप विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात संचिताने त्याचा हात दाबून त्याला गप्प केलं. ती स्वतः दिव्याच्या ओठांच्या रंगाकडे एकटक बघत होती.

काकीला असलं गप्प बसणं जमत नाही. तिने अर्ध्या खुर्चीवरून दिव्याला कोपराने ढोसलं.

"बाय गो, पोटात कसा वाटता?"

"पोटात?" दिव्याने पडद्यावरची नजर न काढता विचारलं. "काही नाही. का?" आणि तिने मुलीला जहाजाकडे पळवलं.

संचिता गॅलरीत गेली आणि कठड्याला धरून रडली. आनंदाने रडली, आणि हे कोणाला कळू नये म्हणून रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत राहिली. आत दिव्या स्वरूपला सांगत होती, की पुढच्या वखारींचं काम सुरू करा, आणि कॅमेरा इथेच राहू दे, ज्यांनी केला त्यांच्याकडे. काकीने डबा उघडून चौघांना जेवायला हाक मारली.